परदेशात फोनला रेंज मिळेल का? प्रवासाआधी बँड कसे पडताळावेत

माझी मामेबहीण पहिल्यांदा अमेरिकेला गेली तेव्हा तिच्याकडे वर्षभरापूर्वी घेतलेला, खोक्यावर ठळक अक्षरांत ‘५जी’ छापलेला फोन होता. विमानतळावर उतरताच तिने तिथल्या एका कंपनीचे सिम घातले आणि मोठ्या शहरात होती तोवर तिला काहीही अडचण आली नाही. चौथ्या दिवशी ती दूरच्या एका लहान गावी मैत्रिणीकडे राहायला गेली आणि तिथे घराच्या आत फोनवर ‘No Service’ असे दिसू लागले. खिडकीपाशी उभे राहिले की एखादी काडी यायची, दोन पावले आत सरकले की तीही जायची. त्याच खोलीत, त्याच कंपनीचे सिम असलेला मैत्रिणीचा फोन मात्र व्यवस्थित चालत होता.

सिम बदलून पाहिले, फोन बंद करून सुरू केला, सेटिंग्जमध्ये नेटवर्क हाताने निवडले. काहीच फरक पडला नाही, कारण बिघाड कुठेच नव्हता. त्या घरापर्यंत पोहोचणारा सिग्नल ज्या बँडवर येत होता, तो बँड तिच्या फोनला ऐकूच येत नव्हता. ही गोष्ट निघण्यापूर्वी घरी बसून अर्ध्या तासात कळू शकली असती. ती कशी कळते आणि तिच्यामागचे कारण काय, हे या लेखात अमेरिकेचेच उदाहरण शेवटपर्यंत धरून सांगतो. देश बदलला तर आकडे बदलतील, रीत हीच राहील.

## बँड म्हणजे नेमके काय

मोबाइल आणि टॉवर एकमेकांशी रेडिओलहरींतून बोलतात. या लहरी दर सेकंदाला किती वेळा कंप पावतात, ती त्यांची फ्रिक्वेन्सी होय. ती मेगाहर्ट्झमध्ये मोजतात आणि एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख कंपने. प्रत्येक देशाचे सरकार या विस्तारातले काही तुकडे मोबाइल कंपन्यांना वापरायला देते. अशा ठरावीक तुकड्याला जागतिक मानकांत एक क्रमांक दिलेला असतो आणि त्या क्रमांकित तुकड्यालाच बँड म्हणतात. ४जीच्या बाबतीत फोनच्या माहितीपत्रकात तो B3 किंवा B12 असा छापलेला दिसतो, तर ५जीच्या बाबतीत n78 किंवा n71 असा.

बहुतेक बँडांचे दोन भाग असतात. एक भाग फोनने टॉवरकडे बोलण्यासाठी राखलेला असतो आणि दुसरा टॉवरने फोनकडे बोलण्यासाठी. दोन्ही बाजू एकाच वेळी बोलत असतात, त्यामुळे त्यांच्या वाटा वेगळ्या ठेवाव्या लागतात. फोनच्या आत प्रत्येक बँडसाठी बारीक चाळणीसारखा एक सुटा भाग बसवलेला असतो. तो आपल्या वाटेवरच्या लहरी आत घेतो आणि बाकीच्या अडवतो. त्याला फिल्टर म्हणतात. फोनमधली जागा मर्यादित असते आणि प्रत्येक फिल्टरचा खर्च असतो, म्हणून फोन बनवणारी कंपनी तो फोन ज्या बाजारात विकायचा आहे तिथल्या बँडांचे फिल्टर आधी बसवते आणि बाकीच्यांपैकी जमतील तेवढेच घेते.

जुन्या प्रवाशांना ही भानगड नवी वाटते, आणि त्यात त्यांची चूक नाही. २जीच्या काळात ८५०, ९००, १८०० आणि १९०० अशा चार फ्रिक्वेन्सी पकडणारा फोन घेतला की जगाचा फार मोठा भाग त्यात येत असे. त्यावरून ‘फोन जगभर चालतो’ ही समजूत पक्की झाली. ४जीच्या वेळी निरनिराळ्या देशांनी निरनिराळे तुकडे मोकळे केले आणि बँडांची संख्या कित्येक डझनांवर गेली. समजूत मात्र जुनीच राहिली.

## ‘माझ्या फोनला ७०० मेगाहर्ट्झ आहे’ हे उत्तर पुरेसे का नाही

माहिती काढायला बसलेली माणसे सर्वाधिक वेळा इथेच फसतात, म्हणून या मुद्द्यापाशी थोडे थांबू. बहिणीच्या फोनमध्ये बँड २८ होता. दुकानांच्या संकेतस्थळांवर त्याचे वर्णन बहुधा ‘७०० मेगाहर्ट्झ’ असे केलेले असते. तिच्या मैत्रिणीच्या घरी पोहोचणारा सिग्नल बँड १२ वर होता आणि त्याचेही वर्णन ‘७०० मेगाहर्ट्झ’ असेच असते. वाचणाऱ्याला वाटते की जुळले.

प्रत्यक्षात बँड २८ मध्ये फोन ७०३ ते ७४८ मेगाहर्ट्झवर बोलतो आणि टॉवर ७५८ ते ८०३ वर. बँड १२ मध्ये फोन ६९९ ते ७१६ वर बोलतो आणि टॉवर ७२९ ते ७४६ वर. आकडे नीट पाहिले तर एक लक्षणीय गोष्ट दिसते. अमेरिकेतला बँड १२ चा टॉवर ज्या वाटेवर बोलतो, ती पूर्णच्या पूर्ण वाट बँड २८ च्या हिशेबात फोनने बोलण्यासाठी राखलेली आहे. म्हणजे बँड २८ ची चाळणी तिथे ऐकण्यासाठी बनवलेलीच नाही. दोन्ही नावांत ७०० असले तरी रुळांची मांडणी वेगळी आहे, आणि मीटरगेजचा डबा ब्रॉडगेजवर चालत नाही, मग दोन्ही मार्गांना आपण ‘रेल्वे’च का म्हणेना.

असाच घोटाळा थोड्या वेगळ्या रूपात बँड ४ मध्ये दिसतो. अमेरिकेत पुष्कळ वापरल्या जाणाऱ्या या बँडवर फोन १७१० ते १७५५ मेगाहर्ट्झवर बोलतो आणि टॉवर २११० ते २१५५ वर. बँड ३ मध्येही फोन १७१० पासूनच बोलतो आणि बँड १ मध्येही टॉवर २११० पासूनच बोलतो. तरीही बँड १ आणि बँड ३ असलेला फोन बँड ४ वर आपोआप चालत नाही, कारण एका बँडची बोलण्याची वाट आणि दुसऱ्याची ऐकण्याची वाट अशी जोडी त्या फोनात बांधलेली नसते.

म्हणून पडताळणी करताना मेगाहर्ट्झचा आकडा बाजूला ठेवावा आणि केवळ बँडचा क्रमांक जुळवावा. क्रमांक जुळला तरच जुळले म्हणायचे.

## शहरात चालणारा फोन गावात का बंद पडतो

सगळे बँड सारख्याच कामाचे नसतात. भिंतीपलीकडे ढोल वाजत असेल तर त्याचा घुमारा आपल्यापर्यंत येतो, पण टाळाचा किणकिणाट तिथेच विरतो. रेडिओलहरींचे शास्त्र ध्वनीपेक्षा वेगळे आहे, तरी एवढ्यापुरते साम्य खरे आहे: कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी दूरवर जातात, टेकडीच्या कडेवरून थोड्या वळतात आणि भिंतींतून व झाडांतून जाताना कमी क्षीण होतात. जास्त फ्रिक्वेन्सीच्या बँडांवर सहसा रुंद तुकडे उपलब्ध असतात, त्यामुळे तिथे वेग जास्त मिळतो, पण त्यांची पोहोच तोकडी पडते.

कंपन्या या गुणधर्माला धरूनच जाळे विणतात. शहरात टॉवर जवळजवळ असतात, म्हणून १९०० किंवा २१०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे बँड तिथे भरपूर मिळतात. विरळ वस्तीत दर थोड्या अंतरावर टॉवर उभारणे परवडत नाही, त्यामुळे तिथे १००० मेगाहर्ट्झच्या खालच्या बँडांवर भिस्त असते. मोठ्या इमारतींच्या आतल्या भागात, तळघरात आणि महामार्गांच्या निर्मनुष्य टापूंतही हेच बँड उपयोगी पडतात.

यातून पडताळणीचा खरा प्रश्न पुढे येतो. ‘माझा फोन तिथे चालेल का’ असे विचारले तर जवळजवळ नेहमी ‘हो’ असेच उत्तर मिळते, कारण एखादा बँड कुठेतरी जुळतोच. विचारायला हवे ते असे: मी ज्या कंपनीचे सिम वापरणार आहे, तिचा १००० मेगाहर्ट्झखालचा मुख्य बँड माझ्या फोनमध्ये आहे का? बहिणीच्या फोनमध्ये तो नव्हता. पहिल्या तीन दिवसांत ते कळले नाही, कारण शहरात त्या बँडची गरजच पडली नव्हती.

## आधी आपला फोन ओळखावा

दुसऱ्या वेळी निघण्यापूर्वी ती फोन घेऊन माझ्याकडे आली आणि आम्ही दोघांनी पडताळणी पहिल्यापासून केली. पहिले काम होते फोनचा नेमका मॉडेल क्रमांक शोधण्याचे. खोक्यावरचे किंवा जाहिरातीतले नाव यासाठी चालत नाही, कारण एकाच नावाचा फोन निरनिराळ्या देशांसाठी निरनिराळ्या बँडांसह बनवलेला असू शकतो. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२३ चे उदाहरण घ्या. SM-S911B ही त्याची आंतरराष्ट्रीय आवृत्ती आहे आणि SM-S911U ही अमेरिकेतल्या कंपन्यांसाठीची. दिसायला दोन्ही फोन सारखेच आहेत, फरक आहे तो शेवटच्या अक्षरात.

अँड्रॉइड फोनमध्ये हा क्रमांक सेटिंग्जमधल्या ‘About phone’ या भागात सापडतो. आयफोनमध्ये ‘General’ आणि त्यातल्या ‘About’ मध्ये जावे. तिथे ‘Model Number’ समोर जे अक्षर-आकडे दिसतात, त्यांच्यावर एकदा बोट टेकवले की A ने सुरू होणारा क्रमांक दिसू लागतो. जुळवणीसाठी तोच हवा असतो. ही बोट टेकवण्याची गोष्ट ठाऊक नसल्यामुळे बरेच जण चुकीचा क्रमांक उतरवून घेतात.

मॉडेल क्रमांक मिळाला की तो घेऊन फोन बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत माहितीपत्रकाकडे जावे. ॲपल आपल्या संकेतस्थळावर प्रत्येक मॉडेलचे बँड वेगळे मांडून दाखवते. इतर कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ते ‘Network’ किंवा ‘Connectivity’ या शीर्षकाखाली असतात. जीएसएमअरीनासारखी संकेतस्थळेही उपयोगी आहेत, मात्र तिथे एका नावाखाली अनेक आवृत्त्यांचे बँड दिलेले असतात, म्हणून आपल्या मॉडेल क्रमांकासमोरचीच ओळ वाचावी. विक्रेत्याच्या पानावरच्या यादीवर मी अवलंबून राहत नाही, कारण ती पुष्कळदा दुसऱ्याच आवृत्तीची उतरवलेली असते.

बहिणीच्या फोनची ४जी यादी अशी निघाली: १, २, ३, ४, ५, ७, ८, २०, २८, ३८, ४० आणि ४१. यादी लांबलचक होती आणि ती वाचून ती म्हणाली, “दादा, इतके बँड असताना अडलं तरी कशात?” ते तिथल्या कंपन्यांची यादी शेजारी ठेवल्यावर कळले.

## मग तिथल्या कंपन्यांचे बँड शेजारी मांडावेत

अमेरिकेत देशभर जाळे असलेल्या मोठ्या कंपन्या तीन आहेत: टी-मोबाइल, एटी अँड टी आणि व्हेरायझन. एखादी कंपनी कोणते बँड वापरते हे ती स्वतःच्या मदत-पानांवर सांगते आणि विकिपीडियावर देशवार कंपन्यांच्या यादीतही ते मिळते. दोन ठिकाणी तेच दिसले की यादी ग्राह्य धरावी.

टी-मोबाइलचे शहरी काम मुख्यतः बँड २, ४ आणि ६६ वर चालते. दूरची आणि आतली पोहोच बँड १२ आणि बँड ७१ यांच्यामुळे मिळते. यातला बँड ७१ म्हणजे ६०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा तुकडा. बहिणीच्या यादीतले २ आणि ४ जुळले, १२ आणि ७१ दोन्ही नव्हते. म्हणजे शहरात ठीक आणि गावात अंधार. तिला आलेला अनुभव या दोन ओळींत पूर्ण मावत होता.

एटी अँड टीकडे बँड २, ४, ६६ आणि ३० हे वरचे, तर १२, १४ आणि ५ हे खालचे बँड आहेत. यातला ५ तिच्याकडे होता. पण बँड ५, म्हणजे ८५० मेगाहर्ट्झ, या कंपनीकडे ४जीसाठी देशात सगळीकडे सारखा उपलब्ध नाही, आणि मुख्य भार बँड १२ वर असतो. व्हेरायझनची पोहोच बँड १३ वर उभी आहे. बँड ५ तिथेही आहे, पण पूरक म्हणून. बँड १३ तिच्याकडे नव्हता. थोडक्यात, तिन्ही कंपन्यांचा वरचा मजला तिला उघडा होता आणि तिन्ही ठिकाणी पाया गायब होता.

इथे बँड ६६ बद्दल एक खुलासा करायला हवा, कारण तो वाचताना गोंधळ होतो. बँड ६६ हा बँड ४ चाच वाढवलेला विस्तार आहे. ६६ असलेल्या फोनला ४ चा भाग समजतो. उलट बाजूने मात्र तशी खात्री नाही: टॉवर स्वतःला ६६ म्हणून जाहीर करत असेल, तर केवळ ४ जाणणारा फोन, टॉवरने खास तशी सोय ठेवलेली नसेल तर, त्याला ओळखत नाही. म्हणून यादीत ४ दिसल्यावर ६६ ही आहे का, हे पाहिलेले बरे.

मग आम्ही तिच्या वडिलांचा, तिच्यापेक्षा एक वर्ष जुना फोन तपासला. त्याच्या यादीत २, ४, ५, १२, १३, ६६ आणि ७१ हे सगळे होते. फोन किती नवा किंवा किती महाग आहे यावरून बँडांचा अंदाज बांधता येत नाही, याचा इतका स्पष्ट नमुना माझ्या पाहण्यात दुसरा नाही. दुसऱ्या प्रवासात ती तोच फोन घेऊन गेली.

## बँड जुळले तरी कॉल लागेल का

बँड जुळणे ही पहिली कडी झाली. दुसरी कडी आवाजी कॉलची आहे आणि गेल्या काही वर्षांत तीच अनेकांना नडली आहे. ४जीचे जाळे मूळचे इंटरनेटसाठी बनवले गेले. त्यावरून फोनच्या नेहमीच्या क्रमांकावर कॉल करण्याची जी पद्धत आहे, तिला व्होल्टी म्हणतात. पूर्वी व्होल्टी जमत नसले तर फोन कॉलपुरता ३जी किंवा २जीवर उतरायचा, त्यामुळे ही उणीव कुणाच्या लक्षात येत नसे. अमेरिकेत एटी अँड टीने २०२२ च्या फेब्रुवारीत ३जी बंद केले, त्याच वर्षी टी-मोबाइलने आणि वर्ष संपता संपता व्हेरायझननेही केले. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये ३जीचे जाळे बंद झाले. उतरायला खालची पायरीच राहिली नाही, की व्होल्टी नसलेल्या फोनवर नकाशा उघडतो, संदेश येतात, पण क्रमांक फिरवला की कॉल लागत नाही.

यात अडचण अशी की ‘फोनमध्ये व्होल्टी आहे’ एवढे पुरत नाही. ज्या कंपनीचे सिम घालणार, त्या कंपनीच्या जाळ्यासाठी व्होल्टीची मांडणी त्या फोनमध्ये असावी लागते, आणि परदेशी बाजारासाठी बनलेल्या फोनमध्ये ती नसू शकते. एटी अँड टी तर आपल्या जाळ्यावर चालणाऱ्या मान्य फोनांची यादीच प्रसिद्ध करते आणि यादीबाहेरच्या फोनवर तिचे सिम नीट चालेल असे धरून चालता येत नाही. हे बँडांच्या तक्त्यात दिसत नाही.

त्यासाठी आयएमईआय क्रमांकाचा उपयोग होतो. फोनच्या डायलरवर हे टाइप केले की पंधरा आकड्यांचा क्रमांक दिसतो:

```
*#06#
```

त्यातले पहिले आठ आकडे फोनचे मॉडेल सांगतात. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर ‘स्वतःचा फोन आणा’ अशा अर्थाचे पान असते. तिथे हा क्रमांक टाकला की तो फोन त्यांच्या जाळ्यावर चालतो का, याचे उत्तर मिळते. हा क्रमांक फोनची ओळख असल्यामुळे तो कंपनीच्या अधिकृत पानाखेरीज कुठेही टाकू नये. दोन सिमच्या फोनमध्ये दोन क्रमांक दिसतात. जी खाच वापरणार, तिचा टाकावा.

## ‘पण मी तर रोमिंग घेणार आहे’

ही शंका सर्वांत जास्त वेळा ऐकू येते आणि तिच्यात थोडे तथ्य आहे. घरचेच सिम परदेशात वापरले तर सिम वेगळे घ्यावे लागत नाही, पण फोन बोलतो तो परदेशातल्याच टॉवरशी. आपल्या कंपनीने तिथल्या ज्या कंपनीशी करार केला असेल, तिचे बँड आपल्या फोनमध्ये असायलाच हवेत. उलट रोमिंगमध्ये निवड कमी असते, कारण करार नसलेल्या कंपनीचे जाळे समोर दिसत असले तरी त्यात शिरता येत नाही. म्हणून निघण्यापूर्वी आपल्या कंपनीला दोनच गोष्टी विचाराव्यात: त्या देशात भागीदार कंपनी कोणती, आणि रोमिंगमध्ये व्होल्टी चालते का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल आणि तिथे ३जी बंद झालेले असेल, तर कॉलसाठी वेगळी व्यवस्था लागेल.

प्रवाशांसाठी विकल्या जाणाऱ्या ई-सिमचेही असेच आहे. विकणारी संस्था बहुधा स्वतःचे टॉवर चालवत नाही, ती कुठल्या तरी स्थानिक कंपनीचे जाळे भाड्याने वापरते. योजनेच्या तपशिलात ‘Network’ या शब्दापुढे त्या कंपनीचे नाव दिलेले असते. ते वाचून मगच बँड जुळवावेत. यांपैकी बऱ्याच योजना फक्त डेटाच्या असतात आणि त्यांत नेहमीचा कॉल करण्यासाठी क्रमांकच मिळत नाही, हेही तिथेच लिहिलेले असते.

## ‘अपडेट टाकला की बँड येणार नाहीत का?’

सर्वसाधारणपणे येत नाहीत. चाळणीच बसवलेली नसेल तर सॉफ्टवेअर तिला निर्माण करू शकत नाही. व्होल्टीसारख्या गोष्टी मात्र अपडेटने सुरू होऊ शकतात, म्हणून निघण्यापूर्वी फोन अद्ययावत करणे योग्य आहे. आणखी एक तपासणी याच वेळी करून टाकावी: फोन हप्त्यांवर किंवा कंपनीच्या करारावर घेतला असेल तर तो त्या कंपनीच्या सिमला बांधलेला असू शकतो. तसा असला, तर सगळे बँड जुळूनही दुसरे सिम तो स्वीकारणार नाही.

## ५जीचे काय

बहुतेक प्रवाशांनी ५जीची चिंता शेवटी करावी, असे माझे मत आहे. अनेक जाळ्यांत ५जी हे ४जीच्या आधारावर चालते. म्हणजे फोन आधी ४जीच्या बँडवर जोडला जातो आणि मग ५जी त्यात भर घालते. आधाराचा ४जी बँड नसेल तर ५जी बँड असूनही उपयोग होत नाही. टी-मोबाइलने २०२० मध्ये बँड ७१ च्याच तुकड्यावर ४जीच्या आधाराविना चालणारे ५जी देशभर सुरू केले, पण त्यासाठी फोनमध्ये n71 लागतो. बहिणीच्या पहिल्या फोनमध्ये n41 आणि n78 होते, n71 नव्हता. खोक्यावरच्या ‘५जी’ला त्या लहान गावात काही अर्थ नव्हता तो यामुळेच.

## पोहोचल्यावर खात्री कशी करावी

तिथे उतरल्यावर फोन कोणत्या बँडवर आहे, हे पाहता येते. आयफोनवर डायलरमध्ये `*3001#12345#*` टाइप करून कॉलचे बटण दाबले की तपासणीचा पडदा उघडतो आणि त्यातल्या ४जीच्या माहितीत सध्याच्या बँडचा क्रमांक असतो. अँड्रॉइडवर नेटमॉन्स्टरसारखे ॲप हे काम करते. काही पडद्यांवर बँडऐवजी वाहिनीचा क्रमांक EARFCN या नावाने दिसतो. तो ५०१० ते ५१७९ असेल तर बँड १२ आणि ५१८० ते ५२७९ असेल तर बँड १३ समजावा.

तपासणी शहरातल्या चौकात करून उपयोग नाही, तिथे वरचेच बँड दिसतील. ती इमारतीच्या आतल्या खोलीत किंवा लिफ्टजवळ करावी. बाहेर बँड २ किंवा ६६ दाखवणारा फोन आत गेल्यावर १२, १३ किंवा ७१ वर उतरला, तर खालचे बँड काम करत आहेत. तो वरच्याच बँडला चिकटून राहिला आणि काड्या संपत संपत ‘No Service’ झाला, आणि त्याच कंपनीचा दुसरा फोन तिथेच चालत असेल, तर दोष बँडांचा आहे. दोन्ही फोन बंद पडले, तर तिथे त्या कंपनीची पोहोचच नाही आणि फोन बदलून काही होणार नाही. फोनवर पूर्ण काड्या आहेत, इंटरनेट चालते, पण कॉल लगेच तुटतो, तर दोष व्होल्टीचा.

दुसऱ्या प्रवासात बहीण त्याच घरी उतरली. पहिल्याच संध्याकाळी तिने आतल्या खोलीत बसून तपासणीच्या पडद्याचे छायाचित्र मला पाठवले. बँडच्या ओळीसमोर १२ हा आकडा होता.